एकच माणूस, चार फोटो, चार चेहरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी आमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, बायोडेटाचे फोटो, साखरपुडे, बारशी असं सगळं करतो. गेली काही वर्षं लोक व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचे फोटो पाठवून साधारण एकच प्रश्न विचारतात: ‘हा मीच का?’ तेच तेच उत्तर टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. आरशात मी बरी दिसते, फोटोत मात्र कोणीतरी दुसरीच. खरं कोण?

आरशातला चेहरा उलटा असतो. भांग डावीकडे असेल तर आरशातल्या बाईचा भांग तिच्या उजवीकडे. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक भुवई थोडी वर, नाक किंचित कललेलं, हसताना ओठ एका बाजूला जास्त ताणलेला. आरशात रोज पाहून पाहून हा तिरकेपणा एका दिशेने डोळ्यांत बसतो. फोटोत तो अचानक दुसऱ्या दिशेला दिसतो आणि कुठेतरी काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

यावर १९७७ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला होता. काही स्त्रियांचे फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटे छापले. त्यांना स्वतःचा उलटा, म्हणजे आरशातला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. ज्याला जे रोज दिसतं तेच त्याला बरं वाटतं. तेव्हा तुम्हाला न आवडलेला फोटो आईला दाखवा. ती म्हणेल, ‘छान आलाय की!’ ती खोटं बोलत नाही, तुमचा तोच चेहरा तिच्या ओळखीचा आहे.

शिवाय आरशासमोर आपण थांबत नाही. मान वळवतो, हनुवटी खाली घेतो, बरं दिसेपर्यंत हलत राहतो. कॅमेरा असली सवलत देत नाही (प्रश्न ९ पाहा).

२. सेल्फीत माझं नाक एवढं मोठं का येतं? घरचे तर म्हणतात नाक छान आहे.

घरचे बरोबर आहेत. दोष अंतराचा आहे.

नाकाचं टोक आणि कान यांच्यात पुढून मागे साधारण १२ सेंटीमीटरचं अंतर असतं असं धरू. सेल्फी घेताना फोन नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर कान फोनपासून ४२ सेंटीमीटरवर पडतात. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान. बेचाळीसला तीसने भागा, उत्तर १.४ येतं. म्हणजे कानांच्या हिशोबाने नाक ४० टक्के मोठं उमटलं. आता तोच फोन दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला दीड मीटरवर उभं करा. नाक १५० वर, कान १६२ वर. फरक उरला ८ टक्के, आणि तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

कानांऐवजी गालाच्या हाडांशी तुलना केली तर आकडा थोडा कमी येतो, कारण गाल कानांपेक्षा पुढे असतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली हाच हिशोब मांडला होता. एक फुटावरून घेतलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसते आणि पाच फुटांवरून असा फरक जाणवत नाही, असं त्यांनी दाखवलं. सेल्फी दाखवून ‘नाक लहान करून द्या’ म्हणणारे लोक प्लास्टिक सर्जनकडे येऊ लागले होते, म्हणून हा हिशोब करावा लागला. शस्त्रक्रियेऐवजी त्यातल्या बऱ्याच जणांनी फोन फक्त शेजाऱ्याच्या हातात द्यायला हवा होता, असं माझं मत.

३. मग सेल्फीची लेन्सच वाईट ना? मित्र म्हणतो ८५ची लेन्स लावली की चेहरा सुधारतो.

मित्राचा अनुभव खरा आहे, कारण चुकीचं आहे. हा गैरसमज फोटोग्राफरांमध्येही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चेहऱ्याची ठेवण फोटोत कशी येणार हे कॅमेरा कुठे आहे यावर ठरतं. लेन्स फक्त किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, त्यामुळे चेहऱ्याने चौकट भरायची तर जवळ जावंच लागतं आणि जवळ गेलं की नाक मोठं. ८५ची, म्हणजे ८५ मिलिमीटरची लेन्स चौकटीत कमी भाग घेते, म्हणून ती लावली की चेहरा चौकटीत बसवण्यासाठी तुम्ही आपोआप दीड-दोन मीटर मागे सरकता. चेहरा सुधारतो तो त्या मागे सरकण्याने.

पटत नसेल तर घरी करून पाहा. जमिनीवर ४० सेंटीमीटर, एक मीटर आणि दोन मीटर अशा तीन खुणा करा. कुणालातरी खुर्चीवर बसवा. त्याचे डोळे आणि फोन एका उंचीवर ठेवा, चेहऱ्यावरचा उजेड बदलू देऊ नका. तिन्ही खुणांवरून झूम न करता फोटो काढा. लांबून चेहरा छोटा येईल, येऊ द्या. नंतर तिन्ही फोटो असे कापा की चेहऱ्याची उंची सारखी होईल, आणि शेजारी शेजारी ठेवा. लेन्स एकच होती, तरी चेहरे तीन. पहिल्यात कान गालांमागे दडलेले, कपाळ आणि नाक पुढे आलेलं, चेहरा लांबट. तिसऱ्यात कान पूर्ण दिसतात आणि चेहरा भरलेला.

उलट बाजूनेही करता येईल. दोन मीटरवरच उभं राहून एक फोटो साध्या लेन्सने आणि एक झूमने काढा. पहिला कापून दुसऱ्याएवढा करा. ठेवण अगदी तीच येईल, फक्त कापलेला फोटो थोडा धुरकट असेल.

४. म्हणजे लांबून काढलेला फोटो नेहमीच चांगला? मग लग्नातल्या लांबून काढलेल्या फोटोंत मी जाड का दिसते?

नेहमीच चांगला असं नाही. वरच्या प्रयोगातल्या तिसऱ्या फोटोतच तुमचं उत्तर आहे. लांबून गालांच्या कडा, जबड्याचे कोपरे आणि कान पूर्ण उमटतात, त्यामुळे चेहरा रुंद दिसतो. लग्नात फोटोग्राफर बहुधा चार-पाच मीटरवरून मोठ्या झूमने टिपतो. गोल चेहऱ्याला हे अंतर फारसं मानवत नाही. लांबट चेहऱ्याला किंवा ठळक नाकाला मानवतं.

मी स्वतः गोल चेहरा असेल तर सव्वा मीटरपर्यंत पुढे येतो, नाक ठळक असेल तर अडीच मीटरपर्यंत मागे जातो. हा काही नियम नाही, हाताला लागलेली सवय आहे. समोरासमोर गप्पा मारताना माणसं एकमेकांपासून साधारण एक-दोन मीटरवरच असतात. आपल्या ओळखीचा चेहरा तोच, म्हणून त्या टापूतला फोटो बहुतेकांना ‘माझ्यासारखा’ वाटतो.

जाड दिसण्यात उजेडाचाही हात असतो. मंडपात चारही बाजूंनी दिवे असले की गालाखाली सावली पडत नाही, आणि सावली नसली की जबड्याची कड हरवते. ते प्रश्न ६ मध्ये.

५. ग्रुप फोटोत मी कडेला होते, तर तोंड अक्षरशः आडवं ताणलंय. हेही अंतरामुळे?

नाही. ताणण्याचं हे काम मात्र रुंद लेन्सचं. ती चौकटीच्या कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला खेचते. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात अगदी कडेचा चेहरा जवळपास पाव भागाने रुंद होऊ शकतो, आणि ०.५ लिहिलेलं बटण दाबलं असेल तर दीडपटीहूनही जास्त. काही फोन हे ताणणं आपोआप थोडं सावरतात, पण पूर्ण नाही.

उपाय सोपा आहे. फोटो काढणाऱ्याने चार पावलं मागे जावं आणि दोन्ही कडांना रिकामी जागा सोडावी. आमच्याकडे घरातली वडील मंडळी मधोमध बसतात आणि सुना-जावई कडेला उभे राहतात, त्यामुळे ताणले जातात ते कायम तेच.

६. एकाच दिवशी, एकाच साडीत, अंगणात काढलेला फोटो म्हातारा आणि खोलीतला तरुण. असं कसं?

फोटो सपाट असतो. चेहऱ्याचे उंचवटे-खळगे आपल्याला फक्त सावल्यांवरून कळतात. सावल्या हलल्या की चेहऱ्याचा आकारच बदलल्यासारखा वाटतो.

दुपारी बारा-एकचं ऊन डोक्यावरून येतं. भुवयांची सावली डोळ्यांत पडते, नाकाची ओठावर, डोळ्यांखालच्या पिशव्यांची गालावर. शिवाय सूर्य आकाशात एवढासा ठिपका, त्यामुळे सावलीची कड सुरीने कापल्यासारखी. प्रत्येक सुरकुतीच्या शेजारी तिची स्वतःची काळी रेघ उभी राहते. खोलीत तुम्ही बहुधा खिडकीकडे तोंड करून होता. खिडकी चेहऱ्याच्या मानाने मोठी आणि समोर, म्हणून उजेड सगळीकडून वळसे घालून येतो आणि सुरकुतीतही शिरतो. सुरकुती तिथेच आहे, फक्त तिची सावली गेली.

आषाढात भरून आलेलं आभाळ म्हणजे एक अख्खी मोठी खिडकीच. बाहेरचे फोटो मला त्या दिवसांत सगळ्यात आवडतात, फक्त पाऊस उघडला पाहिजे. तेव्हाही उजेड वरूनच येतो, म्हणून हनुवटीखाली पांढरी ओढणी किंवा थर्माकोलची शीट धरून डोळ्यांखाली थोडा उजेड परत पाठवायचा.

एकदा हे करून बघा. सकाळी, ऊन थेट आत येत नसेल अशा खिडकीपाशी उभे राहा, दुसऱ्याला फोटो काढायला सांगा आणि दर फोटोला पाव गिरकी घ्या. खिडकी समोर असताना चेहरा मऊ आणि जरा सपाट. खिडकी बाजूला असताना अर्धा चेहरा उजळ, अर्धा अंधारात, नाक टोकदार, चेहरा अरुंद. खिडकी मागे गेली की केसांना कडा आणि तोंड काळवंडलेलं. चार पावलांच्या जागेत इतका फरक पडतो.

आणखी दोन उजेड ओळखून ठेवा. फोनचा फ्लॅश लेन्सला खेटून असतो, त्याची सावली चेहऱ्याच्या मागे लपते, म्हणून नाकाचा उंचवटाच जातो आणि कपाळावरचं तेल चमकतं. दुसरा दिवाळीतला, पणतीचा. पणती खाली असेल तर सावल्या वर चढतात, आणि खालून उजळलेला चेहरा आपण एरवी कधी पाहतच नाही, म्हणून ओळखीचं माणूसही क्षणभर परकं वाटतं. पणती छातीच्या उंचीवर धरून जरा लांब न्या आणि समोरून दुसरा मंद दिवा असू द्या, निभतं.

७. एका फोटोत मी गोरी, दुसऱ्यात सावळी. मुलाकडच्यांनी विचारलं, नक्की रंग कोणता?

हा प्रश्न विचारायची वेळ यावी हेच मला खटकतं. पण विचारलाच आहे, तर ऐका.

फोन चौकटीतला एकूण उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करायला बघतो. मागे पांढरी भिंत असेल तर त्याला वाटतं उजेड फार झाला, तो फोटो गडद करतो आणि चेहरा सावळा होतो. मागे गडद पडदा असेल तर उलट, चेहरा उजळतो. बाई तीच, जागा तीच, फक्त पडदा बदलला. चेहऱ्यावर बोट टेकवून फोटो काढला की फोन चेहऱ्याचा उजेड मोजतो आणि हा घोळ बराच कमी होतो.

दुसरी गोष्ट आजूबाजूच्या रंगांची. हिरव्या भिंतीशेजारी उभं राहिलं की गालावर हिरवट झाक येते. मंडपाच्या लाल-पिवळ्या कापडाखाली सगळा वऱ्हाडीवर्ग हळद लागल्यासारखा येतो. पिवळा बल्ब आणि खिडकीचा निळसर उजेड एकाच वेळी चेहऱ्यावर पडला तर एक गाल एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. अशा फोटोचा रंग नंतर दुरुस्त करणं आम्हालाही जड जातं. त्यापेक्षा बल्ब बंद करा.

तिसरी, काही फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्यात ‘ब्यूटी’ आधीपासूनच चालू असतं. ते त्वचा पुसतं, उजळतं आणि कधी जबडाही बारीक करतं. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, मग बोलू.

८. फोन वर धरावा की खाली? मैत्रीण म्हणते वरून धरला की बारीक दिसतो.

दिसतो. वरून कपाळ आणि डोळे कॅमेऱ्याच्या जवळ येतात, म्हणून मोठे. जबडा लांब जातो, म्हणून लहान, आणि मान हनुवटीमागे लपते. खालून सगळं उलट: जबडा मोठा, नाकपुड्या उघड्या, कपाळ मागे पडलेलं. टेबलावर फोन टेकवून व्हिडिओ कॉल करणाऱ्या प्रत्येकाला हा दुसरा चेहरा ठाऊक आहे.

पण कोनाची ही जादू अंतरावर अवलंबून आहे, हे कुणी सांगत नाही. हातभर अंतरावरून फोन १५ सेंटीमीटर वर नेला तर कोन बराच बदलतो. दोन मीटरवरून तेवढंच वर नेलं तर जवळपास काहीच होत नाही. म्हणून सेल्फीत हाताची बोटभर हालचाल चेहरा पालटते आणि स्टुडिओत मी तिवई वितभर वरखाली केली तरी गिऱ्हाइकाला कळतही नाही.

हनुवटीचंही तसंच. बहुतेकांना फोटो म्हटलं की मान ताठ करून डोकं मागे न्यायची सवय असते. डोकं मागे गेलं की हनुवटीखालची त्वचा गोळा होते. मी सांगतो, कासवासारखी मान थोडी पुढे काढा आणि हनुवटी सुतभर खाली. समोरून ते वेड्यासारखं वाटतं, फोटोत जबड्याची कड स्वच्छ येते.

९. गप्पा मारताना मी छान दिसतो म्हणतात. मग फोटोत कायम डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड वाकडं का?

कारण कॅमेरा जे पकडतो ते माणसाच्या डोळ्याला कधी दिसतच नाही. पापणी लवायला सेकंदाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा लागतो. कॅमेऱ्याचं शटर बऱ्याचदा सेकंदाच्या सव्वाशेव्या हिश्शात उघडून मिटतं. एका लवण्यात अशी तीस-चाळीस वेगवेगळी अर्धवट मिटलेली चित्रं बसतात. समोरच्या माणसाला त्यातलं एकही जाणवत नाही. कॅमेऱ्याला नेमकं एक मिळतं. बोलताना ओठांचंही हेच होतं.

२०१२ मधल्या एका अभ्यासात लोकांना एकाच माणसाचा छोटा व्हिडिओ आणि त्याच व्हिडिओतली सुटी चित्रं दाखवली होती. हलता चेहरा स्थिर चित्रांपेक्षा सरस ठरला. तेव्हा तुमचे मित्रही खरं बोलतात आणि फोटोही खरा आहे.

हसण्याने तर चेहऱ्याचा नकाशाच बदलतो. गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, नाकपुड्या पसरतात, वरचा ओठ पातळ होतो. म्हणून ‘हसू नका’ म्हणून काढलेला फोटो आणि पोट धरून हसतानाचा फोटो दोन भावांचे वाटू शकतात. ‘स्माइल प्लीज’ म्हटल्यावर येतं ते हसू फक्त ओठांचं असतं. डोळ्यांभोवतीचा स्नायू सांगून आवळता येणं अवघड. म्हणून मी ‘हसा’ म्हणत नाही. जेवण काय झालं ते विचारतो, आणि उत्तर संपल्यावर जो श्वास सुटतो तेव्हा बटण दाबतो.

१०. एकाच मुलाचे तीन फोटो पाठवतेय. समोरच्यांनी विचारलं, हा तोच मुलगा ना? तुम्हीच सांगा काय झालंय.

एका मावशींनी हे विचारलं होतं. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव वगळून सांगतो, कारण वरचं सगळं यात एकत्र आलंय.

पहिला फोटो गाडीत बसून घेतलेली सेल्फी. हात दुमडलेला, फोन नाकापासून अंदाजे ३५ सेंटीमीटर आणि छातीच्या उंचीवर. हिशोब मांडा: कान ४७ वर, म्हणजे नाक कानांच्या मानाने ३४ टक्के मोठं. कॅमेरा खाली म्हणून जबडा जड. ऊन उजव्या काचेतून, म्हणून डावा अर्धा चेहरा काळा. मुलगा लांब तोंडाचा, ठळक नाकाचा आणि थोडा उग्र दिसतो.

दुसरा चुलतभावाच्या लग्नातला. स्टेजखालून साधारण चार मीटरवरून मोठ्या झूमने काढलेला. नाक-कानाचा फरक उरला फक्त ३ टक्के. चारही बाजूंनी दिवे, सावली नाहीच. तो खळखळून हसतोय. चेहरा गोल, डोळे बारीक, रंग मंडपामुळे पिवळट. इथे तो चांगला पाच किलोंनी जास्त वाटतो.

तिसरा कंपनीच्या ओळखपत्रावरचा. टेबलावरच्या वेबकॅमने अर्ध्या मीटरवरून, डोक्यावर ट्यूबलाइट. नाक २४ टक्के मोठं, डोळ्यांखाली काळं, चेहऱ्यावर काहीच भाव नाही. आजारी माणूस.

तीन फोटो, त्यातले दोन जवळून आणि एक लांबून. एक उजेड बाजूने, एक चोहीकडून, एक वरून. समोरच्या मंडळींना तिन्हींची सांगड लागेना यात त्यांची चूक नव्हती. मुलगा स्टुडिओत आला. दोन मीटरवर कॅमेरा, ८५ची लेन्स, उंची त्याच्या डोळ्यांएवढी. खिडकी डावीकडे थोडी पुढे, उजवीकडे थर्माकोलची शीट. नाकाचा फरक ६ टक्के. क्रिकेटवर दहा मिनिटं बोललो, चाळीस फोटो काढले, त्यातले दोन घेतले. मावशी म्हणाल्या, ‘हा आमचा.’ मुलगा म्हणाला, ‘नाक अजून मोठंच आहे.’ ते आहेच. टच-अप करून देणार नाही असं त्याला सांगितलं.

११. स्थळाकडून आलेला फोटो कसा काढलाय हे ओळखता येतं का?

बरंचसं येतं. तीन ठिकाणी बघा.

आधी कान. चेहरा समोर असूनही कान गालांमागे दडले असतील तर फोटो जवळून काढलाय, आणि खरा चेहरा यापेक्षा रुंद आणि नाक लहान असणार. (कान केसांखाली असतील तर ही खूण बाद.)

मग बुबुळं. फोटो मोठा करून बघा, उजेडाचा पांढरा ठिपका दिसेल. चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स, म्हणजे स्टुडिओतला पांढऱ्या कापडाआडचा दिवा, गोल कडं असेल तर रिंग लाइट, मधोमध बारीक टिंब असेल तर फ्लॅश. ठिपका ज्या बाजूला, उजेड त्या बाजूने. ठिपकाच नसेल तर उजेड बहुधा डोक्यावरून किंवा मागून होता.

शेवटी नाक. त्याची सावली उजेडाची उंची सांगते आणि नाकपुड्या किती दिसतात त्यावरून कॅमेरा वर होता की खाली ते कळतं. मात्र डोकं मागे झुकवलं तरी नाकपुड्या दिसतात, म्हणून खांदे आणि मान कशी आहे तेही सोबत बघा.

त्वचेवर एकही रंध्र नाही पण केस मात्र सुटे सुटे दिसतात, असं असेल तर त्वचा पुसलेली आहे. यापुढे फोटो विसरून पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. त्यात चेहरा हलतो, वळतो.

१२. ओळखपत्रावरच्या फोटोत सगळेच आरोपी का दिसतात?

नातं खरंच तिथलं आहे. १८८० च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांत आल्फोन्स बर्तियों नावाच्या कारकुनाने आरोपींचे फोटो काढायची पद्धत बसवली. त्याआधी प्रत्येक जण आपल्या मर्जीप्रमाणे फोटो काढी आणि तोच चोर दुसऱ्यांदा सापडला तरी ओळखू येत नसे. त्याने अंतर ठरवलं, उजेड ठरवला, बसायची खुर्ची ठरवली, एक फोटो समोरून, एक बाजूने. म्हणजे वर लिहिलेल्या सगळ्या गोष्टी त्याने खिळे ठोकून जागच्या जागी बसवल्या. आजचा ओळखपत्राचा फोटो, समोर बघा, हसू नका, मागे पांढरं, त्याच विचाराचा वारस आहे.

फरक एवढाच की बर्तियोंचं अंतर ठरलेलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच टेबलांवर कॅमेरा जागा असेल तिथे आणि दिवा छताला असेल तिथे.

१३. मग अशा फोटोवरून अनोळखी माणूस ओळखतो तरी कसा?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा वाईट ओळखतो. २०११ साली ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला. दोन डच स्त्रियांचे प्रत्येकी वीस, असे चाळीस फोटो लोकांच्या हातात दिले आणि एकेका माणसाचा वेगळा गठ्ठा करायला सांगितलं. किती माणसं आहेत ते सांगितलं नाही. त्या स्त्रिया ठाऊक नसलेल्यांनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले, कुणी सोळापर्यंत गेलं. नेदरलँड्समध्ये त्या दोघी प्रसिद्ध होत्या, तिथल्या लोकांनी तेच फोटो घेऊन सहज दोन गठ्ठे केले.

ओळखीच्या चेहऱ्याची आपल्याकडे शेकडो रूपं साठलेली असतात, म्हणून कसाही फोटो आला तरी तो त्यात बसतो. अनोळखी चेहऱ्याचं फक्त समोरचं एकच चित्र असतं, आणि मग अंतराने मोठं झालेलं नाक हे त्याचं खरं नाक समजलं जातं. सरावाने हे सुटत नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी घेतली तेव्हा समोर उभ्या माणसाचा नसलेला फोटो त्यांनी १४ टक्के वेळा ‘याचाच’ म्हणून मान्य केला.

१४. अंतर, उजेड, कोन सगळं तेच. तरी लागोपाठच्या दोन फोटोंत फरक. आता काय?

‘सगळं तेच’ नसतं. दोन फोटोंमध्ये मान दोन-तीन अंशांनी वळलेली असते, आणि खिडकी बाजूला असेल तर तेवढ्याने नाकाची सावली ओठाला टेकते किंवा सुटते. सेल्फी असेल तर हात थकून फोन पाच सेंटीमीटर जवळ आलेला असतो. तीसचे पंचवीस झाले की नाक ४० टक्क्यांवरून ४८ वर गेलं.

हेही नसेल तर बघा, एक फोटो उलटा साठवला गेलाय का. काही फोन सेल्फी आरशासारखी ठेवतात, काही सरळ करून. टी-शर्टवरची अक्षरं वाचून कळेल.

१५. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फोटोत फरक पडतो तोही कॅमेऱ्याचाच का?

नाही, तो खरा असतो. रात्रभर आडवं झोपल्याने चेहऱ्यात पाणी साठतं, सकाळी डोळे आणि गाल थोडे सुजलेले असतात, दोन-तीन तासांत उतरतात. म्हणून बायोडेटाच्या फोटोला मी अकरानंतर बोलावतो. आदल्या रात्री जागरण किंवा खारट जेवण झालं असेल तर तसं सांगा, दुसरा दिवस देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.